चार गुणांचा औदुंबर

रसग्रहण लिहायला बसताना पहिली काळजी ही घ्या, की कविता हाताशी नको. ती समोर असली की नजर जाते, नजर गेली की काहीतरी दिसतं आणि दिसलेलं लिहून टाकायचा मोह होतो. दहावीच्या पेपरात रसग्रहणाला गुण चार. त्यासाठी एवढी जोखीम कोण घेतं? अप्पा बळवंत चौकात जाऊन गाइड आणा आणि पाठ करा. पेठेतल्या क्लासच्या सरांना तर तेवढेही कष्ट तुम्हाला द्यायचे नसतात. ते सगळा साचाच फळ्यावर लिहून देतात आणि कवीच्या नावासाठी जागा रिकामी सोडतात. वर्षभर आपण ज्याला काव्यविभाग म्हणतो, तो त्या रिकाम्या जागेएवढा असतो.

साचा सोपा आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य अशी तीन शीर्षकं पेन्सिलीनं अधोरेखित करा आणि शेवटी कविता आवडल्याचं सांगा. शीर्षकं अधोरेखित हवीतच. तपासणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा असतो आणि त्याची नजर तुमच्या उत्तरात आधी तीच शोधते. त्यांच्या मधल्या जागेत काहीतरी असावं लागतं, ते आता पाहू.

समजा, बालकवींच्या ‘औदुंबर’च्या शेवटच्या दोन ओळी आल्या:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

तर असं लिहा: ‘प्रस्तुत ओळी सुप्रसिद्ध कवी बालकवी यांच्या ‘औदुंबर’ या कवितेतील आहेत. कवीने अत्यंत समर्पक शब्दांत जीवनाचे सखोल सत्य मांडले आहे. यमक अलंकारामुळे कवितेला गेयता प्राप्त झाली आहे. साधी, सोपी, ओघवती भाषा मनाला भिडते. शांत रसाचा सुंदर परिपोष झाला आहे. ही कविता मला खूप आवडली, कारण ती जगण्याला नवी दृष्टी देते.’

झालं. आता उत्तर पक्कं आहे का, याची कसोटी सांगतो. बालकवी खोडून केशवसुत लिहा, ‘औदुंबर’ खोडून ‘तुतारी’ लिहा आणि पुन्हा वाचा. एक ‘शांत’ काढून ‘वीर’ घातला की काम झालं, बाकी वाक्याला धक्का नाही. एक जण पाण्यात पाय सोडून बसलेला, दुसरा फुंकायला तुतारी मागणारा, आणि दोघांनाही एकच सदरा अंगाबरोबर! कुठलंही वाक्य दुसऱ्या कवितेला बसेनासं झालं, तर समजा तुमच्या हातून कविता वाचली गेली आहे. ते वाक्य ताबडतोब काढा.

अशी वाक्यं शिरतात कशी, हे ठाऊक असलेलं बरं, म्हणजे सावध राहता येईल. सगळ्यात मोठा धोका रंगांचा. कविता अवघी आठ ओळींची. सुरुवातीला दोन्ही तटांवर हिरवाळी, मधून निळासांवळा झरा, मग शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तिच्यातून जाणारी पांढरी पायवाट, पुन्हा हिरवं कुरण आणि एकदम काळा डोह. तीनदा आलेला हिरवा डोहाशी पोचल्यावर पुन्हा येत नाही, शेवटी उरतो तो काळिमा. एवढं दिसलं की ‘निसर्गाचे विलोभनीय चित्रण’ हे ठेवणीतलं वाक्य लिहिताना हात अडखळतो. चित्र विलोभनीय आहे खरं, पण ते तुम्हाला पायवाटेनं हळूहळू अंधाराकडे घेऊन चाललंय, त्याचं काय करायचं? साच्यात त्याला जागा नाही. म्हणून रंग दिसले तरी त्यांचा क्रम पाहू नका.

दुसरा धोका क्रियापदांचा. झरा वाहतो, पायवाट चालली आहे, ती डोहाकडेच निघाली आहे. एवढी सगळी हालचाल झाल्यावर शेवटच्या ओळीत एक जण बसलेला आहे. अख्ख्या कवितेत बसलेला तो एकटाच. हे लक्षात आलं तर ‘चेतनगुणोक्ती अलंकार’ एवढं नाव टाकून थांबणं जड जातं. झाडाला माणसासारखं वागवलं, म्हणून चेतनगुणोक्ती. इथपर्यंत बरोबर आहे आणि याचा गुणही मिळतो. पण सगळं वाहत, चालत असताना हाच का बसला, असा प्रश्न पडला, की तो गुण हातात ठेवून तुम्ही विचार करत बसता आणि तिकडे व्याकरणाचे प्रश्न राहून जातात.

ओळ मोठ्यानं वाचायची तर सोडाच. वाचली, की या ओळी साधारण सोळा मात्रांनंतर थोडा श्वास घेतात हे कानाला कळतं. ‘पाय टाकुनी जळांत बसला’ इथे तो थांबा येतो. क्षणभर कोण बसलाय ते कळत नाही. मग ‘असला औदुंबर’. नाव सगळ्यात शेवटी, आठ ओळी वाट पाहायला लावून. ‘यमकामुळे गेयता’ हे वाक्य याच्यापुढे फारच पोरकं दिसतं. तरी तेच लिहा. फक्त मुक्तछंदातल्या कवितेला यमक चिकटवू नका. पाठांतर इतकं पक्कं असतं की ही चूक होते, आणि साचा उघडा पडतो तो नेमका इथेच.

संदेशाचंही आधीच सांगून ठेवतो. कवितेत उपदेश नाही, ‘मी’ नाही, कुणाला काय वाटलं याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून काय संदेश सोडायचा? झाड आहे ना, मग ‘वृक्षसंवर्धनाचा मोलाचा संदेश’ लिहा. डोहाकाठच्या झाडाला पर्यावरण दिनाच्या फेरीत उभं करायला तुमच्याइतके तयार लोक पुण्यात पुष्कळ आहेत.

राहिली स्वतःची प्रतिक्रिया. इथे ‘स्वतःची’ या शब्दावर फार भरवसा ठेवू नका. पुण्यातल्या मुलानं औदुंबर पाहिलेला असतो तो दत्ताच्या देवळापाशी, पाराला प्रदक्षिणा घालताना, नाहीतर खाली लावलेल्या स्कूटरवर पिकलेली उंबरं पडतात म्हणून काका वैतागतात तेव्हा. या ओळी वाचून कुणाला ते देवळातलं झाड आठवेल आणि पाण्यात बसलेला तपस्वी दिसेल. कुणाला काळं पाणी पाहून जरा भीती वाटेल, आणि त्याच काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो याचं कोडं पडेल. असं काही वाटलंच तर घरी आजीला सांगा. उत्तरपत्रिकेत ‘खूप आवडली’ एवढंच. ‘नीट कळली नाही, पण डोक्यातून जात नाही’ हे खरं असलं तरी त्याला गुण कुठल्या शीर्षकाखाली द्यायचे, हे तपासणाऱ्याला कसं सुचावं?

एवढं सगळं साच्यातून उतरवायला दहा मिनिटं पुरतात. वाचलेला वेळ उपयोजित लेखनातल्या जाहिरातीला द्या. तिथे मात्र एकेक शब्द पारखून घ्या, नाद सांभाळा, वाचणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहील असं लिहा. छत्री विकायची असते, तिथे असल्या गोष्टींना गुण आहेत.