भाऊजींची नजर

गादीच्या जाहिरातीत झोपलेल्या बाईचे डोळे मिटलेले असतात, हे मला परवा रात्री पावणेअकरा वाजता एका सुशिक्षित गृहस्थांना समजावून सांगावे लागले, आणि ते त्यांना अखेरपर्यंत पटले नाही.

मी एका गादी बनवणाऱ्या कंपनीच्या सोशल मीडियाचे काम पाहते. पुढच्या महिन्यासाठी बावीस पोस्ट ठरल्या होत्या: बारा साध्या, सहा कॅरोसेल आणि चार रील. बाराव्या तारखेला विषयांची यादी मंजूर झाली, अठराव्या तारखेला मजकूर मंजूर झाला आणि विसाव्या तारखेला एकाच दिवसात सगळे फोटो काढून झाले. मजकुराची मंजुरी डिझाइनच्या आधी घ्यायची असते, कारण वाक्य बदलायला एक मिनिट लागते, पण त्या वाक्याभोवती रचलेले चित्र बदलायला अर्धा दिवस जातो. आता फक्त डिझाइनची शेवटची संमती उरली होती. ती सत्तावीस तारखेपर्यंत मिळणार आणि अठ्ठावीसला सर्व पोस्ट शेड्यूल होणार, या भाबड्या समजुतीने मी शनिवारची सुट्टीही ठरवून टाकली होती.

सव्वीस तारखेला मालकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिले, "आमच्या भाऊजींना ग्रुपमध्ये घेतले आहे. त्यांची नजर फार बारीक आहे."

भाऊजींनी दोन दिवस एकाही डिझाइनवर काही लिहिले नाही, फक्त प्रत्येकाखाली अंगठा दाखवला. हा अंगठा फार फसवा असतो. "पाहिले", "छान", "नंतर बोलू" आणि "मंजूर" हे चारही अर्थ तो सारख्याच आत्मविश्वासाने वाहतो, आणि त्यातला कोणता अर्थ होता हे काम पूर्ण झाल्यावरच कळते. मी त्याला मंजुरी समजले. तिसऱ्या दिवशी रात्री त्यांचा फोन आला.

"मॅडम, बाईचे डोळे बंद आहेत."

"हो, त्या झोपल्या आहेत."

"ते कळते हो, पण चेहरा निर्जीव वाटतो. डोळे उघडे हवेत. ग्राहकाकडे पाहत असल्या पाहिजेत."

"मग त्या जाग्या दिसतील. गादीवर झोप लागत नाही, असा अर्थ निघेल."

बराच वेळ शांतता होती. मग भाऊजी म्हणाले, "अर्धवट उघडे चालतील का?"

पहाटे तीन वाजता अर्धवट डोळ्यांनी आपल्याकडे एकटक पाहणारी बाई मी क्षणभर डोळ्यांसमोर आणली आणि मला माझ्याच गादीची भीती वाटली. मालकांना विचारले, तर त्यांनी "भाऊजी म्हणतात त्यातही तथ्य आहे" असे लिहून पुन्हा अंगठा दाखवला.

एकगठ्ठा काम करण्याची मेख इथेच आहे. एक फोटो, एक टेम्प्लेट, एक रंगसंगती असे निर्णय एकदाच घ्यायचे आणि ते बावीस ठिकाणी वापरायचे, म्हणून काम झटपट होते. पण म्हणूनच मंजुरीनंतर बदललेला एक निर्णयही तितक्याच ठिकाणी बदलावा लागतो. ही निद्रिस्त बाई नऊ पोस्टमध्ये होती. शीर्षक तिच्या डोक्यावरच्या मोकळ्या भिंतीवर बसवले होते. नवे फोटो काढायला वेळ नव्हता, म्हणून मी चौकट खाली सरकवून चेहरा वगळला आणि उशीवर पसरलेले केस नि एक हात तेवढा ठेवला. पण चौकट सरकताच भिंतही गेली, आणि नऊही शीर्षके नव्याने बसवावी लागली. त्यातली चार लांब होती, ती दोन ओळींत मोडली आणि उशीवर चढली. इन्स्टाग्रामवर पोस्ट लागल्यानंतर मजकूर सुधारता येतो, चित्र मात्र बदलता येत नाही. त्यामुळे हे सारे पहिल्या तारखेच्या आतच उरकायचे होते, आणि शनिवार त्यातच गेला. दोन दुरुस्त्या फुकट असतात असे आमच्या करारात आहे. भाऊजींची ही दुरुस्ती तिसरी होती, पण तिचे पैसे मागितल्यावर मालकांनी "आपल्यात काय एवढे" असे लिहिले. हे वाक्य ज्याला पैसे द्यायचे असतात तोच का उच्चारतो, हे मला अजून उमगलेले नाही.

या महिन्याची कॅलेंडर शीट पाठवताना मी तिच्यात "अंतिम मंजुरी कोणाची" असा नवा रकाना घातला आणि एकच नाव, तारखेसह लिहावे, अशी सूचना वर ठळक अक्षरांत दिली. तासाभरात तो भरून आला. बावीसही ओळींत एकच शब्द होता, "सर्वांची", आणि शेवटच्या ओळीत त्यापुढे कंसात "व भाऊजींची" असे होते.