ग्राइंडरच्या व्हिडिओखालची ओळ चुकली होती, त्याबद्दल

★☆☆☆☆
"व्हिडिओखाली लिहिलं होतं, '१५ मिनिटांत कापसासारखं पीठ, अजिबात गरम होत नाही! ७ दिवस फुकट वापरून बघा.' मला दीड वाटी उडीद आणि पाच वाट्या तांदळाला पाऊण तासाच्या वर लागला. सातव्या दिवशी परत दिला तर ने-आणीचे ४५० रुपये कापले. फुकट म्हणजे काय मग? व्हिडिओ बघून कुणी फसू नका."

ताई, नमस्कार. दुकान माझं आहे, म्हणून उत्तर मीच देतोय. तुमचे कापलेले पैसे आज सकाळी परत पाठवले आहेत, ज्या खात्यातून आले होते त्याच खात्यात. ते कापायलाच नको होते.

तो व्हिडिओ ४० सेकंदांचा आहे. त्यात आम्ही फक्त एक वाटी उडीद फिरवला होता, चार तास भिजवलेला. तांदूळ नव्हतेच. तेवढ्या उडदाला खरोखरच पंधरा-सतरा मिनिटं लागली, पण घरी कुणी नुसता उडीद वाटून थांबत नाही. दोन लिटरच्या टेबलावरच्या ग्राइंडरमध्ये चार-पाच माणसांच्या इडलीचं म्हणजे तुमच्याएवढंच पीठ करायचं तर उडदाला साधारण पंचवीस ते तीस मिनिटं जातात आणि तांदळाला वेगळी वीस-पंचवीस. तुम्हाला लागला तो वेळ बरोबर आहे. तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड नव्हता आणि वाटण्यात तुमचीही चूक नव्हती. ओळ आमची चुकली.

ती कशी चुकली तेही सांगतो. हे मशीन पटकन वाटणारं नाहीच. पटकन हवं असेल तर मिक्सर आहे. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, भांडं लहान, घर्षण जास्त. उडीद वाटून झाल्यावर भांड्याला बाहेरून हात लावला तरी कोमट लागतं, म्हणून उन्हाळ्यात आपण बर्फाचं पाणी घालतो. ग्राइंडरचे दगडी रोळे सावकाश फिरतात. पीठ चिरलं जात नाही, चेपलं आणि घुसळलं जातं. उडदाला चिकटपणा असतो, त्यात या घुसळण्याने हवा अडकते आणि त्याच दीड वाटीचं पीठ जास्त फुलून येतं. याची किंमत म्हणजे वेळ. जो वेळ लागल्यामुळे फायदा होतो, तोच वेळ आम्ही ओळीत कमी करून सांगितला. एकच फायदा सांगायचा होता तर 'पीठ गरम होत नाही' एवढाच सांगायला हवा होता. त्यात 'पटकन' घुसडलं आणि खरी असलेली गोष्टही खोटी वाटायला लागली.

तुम्ही 'अजिबात' या शब्दावर बोट ठेवलं नाहीत, पण तोही चुकीचाच होता. अर्धा तास फिरल्यावर पीठ थोडं उबदार होतंच, मिक्सरइतकं होत नाही एवढंच. आणि थंडीत याचा फारसा उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्या घरी गार पीठ फुगायला चौदा-पंधरा तास लागतात. तेव्हा बायको मुद्दाम तांदूळ वाटताना कोमट पाणी घालते आणि डबा रात्रभर बंद ओव्हनमध्ये ठेवते. म्हणून थंडीच्या दिवसांत हा व्हिडिओ आम्ही पुढे करणार नाही.

खरी अडचण ही आहे की थंडपणा व्हिडिओत दिसत नाही. म्हणून पहिल्या व्हिडिओत आम्ही वाफाळती इडली दाखवली होती. ती सुंदर दिसते, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. नवीन व्हिडिओ परवा काढला. भिंतीवरचं घड्याळ चौकटीत ठेवलं आणि कॅमेरा तिवईवरून हलवला नाही. अर्ध्या तासाचं चित्रण जोरात पळवलंय, पण मधला एक क्षणही कापलेला नाही, काटे फिरताना दिसतात. शेवटी पेलाभर पाण्यात उडदाच्या पिठाचा एक थेंब सोडला. पीठ नीट फुललं असेल तर थेंब वर तरंगतो, नसेल तर तळाशी जातो. आमची आजी हेच करून बघायची. शेजारी मिक्सरमध्ये वाटलेल्या त्याच उडदाचा थेंब सोडला, तो हळूहळू खाली गेला. ही परीक्षा तुम्ही घरी कुठल्याही पिठाची करू शकता, आमचं मशीन घ्या किंवा घेऊ नका.

आता 'फुकट'बद्दल. ने-आणीच्या खर्चाची अट आमच्याकडे होती, पण ती वेबसाइटवर खाली, इंग्रजीत, बारीक अक्षरांत. जाहिरात मराठीत आणि अट इंग्रजीत, हे नियमातही बसत नाही. केंद्र सरकारची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ पासून लागू आहेत आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत अटही असावी. मी ते तुमची तक्रार आल्यावर वाचलं. आधीच वाचायला हवं होतं.

सात दिवसांची मुदतही मी नीट विचार करून ठेवलेली नव्हती. नवीन ग्राइंडर आला की पहिल्यांदा मूठभर तांदूळ आणि पाणी घालून दोन-तीनदा फिरवून ते पाणी फेकून द्यावं लागतं, कारण दगडाची बारीक पूड निघते आणि पाणी राखाडी येतं. त्यात एक दिवस जातो. मग भिजवा, वाटा, रात्रभर आंबवा. सात दिवसांत माणसाच्या हाती फार तर एक रविवार लागतो. पहिल्या खेपेला पाण्याचा अंदाजही चुकतोच. एका रविवारावर कुणी मशीन पारखू नये. म्हणून मुदत आता १५ दिवस, मशीन घरी पोचल्याच्या दिवसापासून. परत आलेलं मशीन आम्ही नवीन म्हणून विकत नाही, दुकानात दाखवायला ठेवतो.

व्हिडिओखाली आता हे लिहिलंय:

"उडीद ३० मिनिटं वाटला, पीठ मिक्सरइतकं गरम झालं नाही. थेंब तरंगतो का ते शेवटी बघा. १५ दिवस घरी वापरा. नाही पटलं तर आमचा माणूस येऊन घेऊन जाईल, पूर्ण पैसे परत, ने-आणीचा खर्च आमचा. ही सोय फक्त सांगली-मिरज-कुपवाडमध्ये."

सगळ्यात वर मिनिटं मुद्दाम ठेवली. फोनवर पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. ज्याला अर्धा तास जास्त वाटतो त्याला ते पहिल्याच ओळीत कळावं. गावांची नावं मात्र शेवटी राहिलीत, ती या आठवड्यात पहिल्या दोन ओळींत घेतो.

जुना व्हिडिओ काढून टाकला आहे. त्या ओळी वाचून आणखी अकरा जणांनी मशीन नेलं होतं. त्या सगळ्यांना मी स्वतः फोन केला, वेळेचं खरं काय ते सांगितलं आणि मुदत आजपासून पुन्हा १५ दिवस धरली. दोघांनी परत घ्या म्हटलं. त्यांच्याकडून मशीन उद्या आणतोय.

तुम्हाला पुन्हा मशीन घ्या असं मी म्हणणार नाही. पैसे खात्यात दिसले नाहीत तर दुकानाच्याच नंबरवर फोन करा, फोन मीच उचलतो.