अण्णांनी फोन पाडला नाही, तो पडला

डोकं फिरलंय माझं. चौदा हजारांच्या फोनसाठी तीन आठवडे झाले भांडतेय, आणि क्लेम नाकारला कशावरून, तर एका क्रियापदावरून!

सोमवारी सकाळी सातला अण्णा हौदाचा व्हॉल्व्ह उघडायला वाकले आणि शर्टाच्या खिशातला फोन पाण्यात पडला. लगेच काढला, पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन दिवस चालला. बुधवारी संध्याकाळी स्क्रीन काळी झाली. गुरुवारी मला फोन आला, तोही शेजारच्या काकांच्या मोबाईलवरून.

पॉलिसी मराठी माणसाला विकली, मराठी बोलून विकली. दुकानातल्या पोराने "काका, फुटला, भिजला, सगळं कव्हर आहे" असं सांगून पैसे घेतले. आता पत्र मात्र इंग्रजीतच पाहिजे. का? अण्णांचं मराठी अक्षर छापल्यासारखं आहे, ग्रामसभेचे ठराव ते लिहून देतात. त्यांच्याच फोनबद्दल त्यांनाच वाचता येत नाही अशा कागदावर सही करायची, आणि खाली छापलेलं असतं की वरील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे. राग येणार नाही तर काय होणार?

पहिलं पत्र मी घाईत लिहिलं आणि तिथेच चुकले. फोन बुधवारी बंद पडला, एवढंच लिहिलं. सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवर पाणी शिरल्याची नोंद, सिम ट्रेच्या खाचेतली पांढरी खूण लाल झालेली. म्हणजे पत्रात पाण्याचा पत्ता नाही आणि जॉबशीटवर पाणीच पाणी. त्यांना घटनेची तारीख हवी असते, फोन मरायची नव्हे. बरं, हे फॉर्मवर कुठे सांगितलंय? "डेट ऑफ लॉस" एवढे तीन शब्द. आपल्या माणसाला लॉस झाला तो स्क्रीन काळी झाली तेव्हाच वाटणार ना!

मग पडताळणीचा फोन. हिंदीतून. "आपने फोन पानी में गिराया?" अण्णा म्हणाले, "हां, मैंने गिराया." अहो, आमच्याकडे माणूस असंच बोलतो! हातून कप निसटला तरी आपण "पाडला मी" म्हणतो, कारण दोष दुसऱ्यावर ढकलायची सवय नाही. त्या बाईंनी लिहून घेतलं की ग्राहकाने स्वतः पाडल्याचं कबूल केलं. निष्काळजीपणा. क्लेम बंद. प्रामाणिकपणे बोलला म्हणून माणसाला शिक्षा!

काल रात्री बसून पत्र नव्याने लिहिलं. पाचच वाक्यं. पॉलिसी नंबर आणि *#06# दाबून दिसणारा आयएमईआय, बिलाशी ताडून घेतलेला (फोन बंद असला तर तो खोक्यावर असतो, खोकं फेकू नका). सोमवारची तारीख, वेळ, जागा. मग मुख्य वाक्य, "व्हाइल आय वॉज बेंडिंग टू ओपन अ व्हॉल्व्ह, द फोन ॲक्सिडेंटली स्लिप्ड आउट ऑफ माय शर्ट पॉकेट इंटू द वॉटर टँक." पुढे बुधवारी बंद पडला ते. आणि उशिरा का कळवलं ते, कारण आमच्या पॉलिसीत ४८ तासांची अट आहे. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात सांगितलंय की खरा क्लेम निव्वळ उशिरा कळवला म्हणून नाकारू नये. तेही पत्रात घातलं. एक शब्द खोटा नाही.

आणि मग अण्णांसाठी मोठ्या अक्षरात मराठी चिठ्ठी, कारण पत्र मी लिहिलं तरी फोन त्यांनाच येणार:

"अण्णा, पत्रात असं लिहिलंय: सोमवारी सकाळी सात वाजता व्हॉल्व्ह उघडताना फोन खिशातून निसटून हौदात पडला. लगेच काढला. बुधवारी संध्याकाळी बंद पडला. तोवर आत पाणी गेल्याचं कळलं नव्हतं, म्हणून कळवायला उशीर झाला. फोन आला तर हेच सांगा. 'पाडला' म्हणू नका, 'पडला' म्हणा. हिंदीत 'गिर गया'. हिंदी समजलं नाही तर मराठी बोलणारा माणूस द्या म्हणा, अंदाजाने हो म्हणू नका."

चिठ्ठी वाचून अण्णा म्हणाले, "अगं, पण चूक माझीच होती की. खिशाचं बटण लावलं नव्हतं."

बटण! सत्तरीचा माणूस तीन आठवडे खिशाच्या बटणाचा अपराध मनावर घेऊन बसलाय, कारण कुणीतरी परक्या भाषेत त्याला गुन्हेगारासारखं विचारलं. अण्णा, अपघात म्हणजे हेच. बटण राहतं, फोन पडतो. त्यासाठीच तर पैसे भरले होते.

पत्र आज तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर गेलंय. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाणार. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आणि तिथला अर्ज अण्णा स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिणार. इंग्रजी हवं असेल तर माझं भाषांतर मागे जोडेन, पण पुढचा कागद त्यांचाच असेल.