हिरवी कड कापून जात नाही

"कटआउटच्या कडेला जुन्या बॅकग्राउंडचा हिरवा रंग राहिला तर सिलेक्शन दोन पिक्सेल आत घ्या, एक पिक्सेल फेदर द्या. तरी दिसला तर डिसॅच्युरेट मारा. काम फत्ते!" फोटोशॉपमध्ये कटआउट करताना हा सल्ला हमखास मिळतो.

शर्टाच्या कॉलरसारख्या कडक कडेला दोन पिक्सेल आत घेणं चालून जातं. केसांना ते मारक आहे, कारण सुटी बट टोकाला मुळात एक-दोन पिक्सेलचीच असते. ती कापली की डोक्यावर टोप बसवल्यासारखं दिसतं.

फेदरनं रंग बदलतच नाही. परवा निपाणीकडच्या एका नवरदेवाचा फोटो बॅनरसाठी आला. मागं ऊस, अंगात पांढरा कुर्ता, आणि बॅनर भगवा. केसांचा रंग RGB मध्ये साधारण 40, 30, 25 आणि मागच्या उसाचा 120, 160, 70. बटेच्या कडेला दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की 80, 95, 47 असा शेवाळी पिक्सेल तयार होतो. फेदर दिल्यावर तो पातळ होतो, पण शेवाळीच राहतो, आणि भगव्यावर मळकट रेघ उमटते.

डिसॅच्युरेट केलं तर हिरवेपणा जातो, उजेड मात्र तसाच राहतो. काळ्या केसांभोवती राख भुरभुरल्यासारखं दिसायला लागतं.

मी केलं ते असं. मास्कला हात लावला नाही. फोटोच्या लेयरवर नवा लेयर घेऊन तो Alt धरून क्लिप केला, मोड Darken ठेवला, कडेच्या जरा आतला केसांचा रंग उचलला आणि मऊ ब्रशनं फक्त कडेवर फिरवला. पिक्सेल किती पारदर्शक हे मास्क सांभाळतो, आपण त्यात केसांचा खरा रंग भरतो. त्यामुळं एकही बट गेली नाही. मागची बाजू केसांपेक्षा उजळ असेल तरच Darken लागू पडतो. पांढऱ्या कुर्त्याच्या कडेला उसाचा रंग मिसळून काळपट झाला होता, तिथं Lighten घेतला.

खरी फसगत कुर्त्याच्या आत होती. उसावरून परतलेला उजेड बाहीवर पडला होता, म्हणजे कडेपासून चांगलं बोटभर आत. कड कितीही कापली तरी तो निघणार नाही. त्यासाठी आणखी एक क्लिप केलेला लेयर, मोड Color, आणि कुर्त्याच्या स्वच्छ भागाचा रंग, ब्रश 30 टक्क्यांवर. Color मोड उजेड तसाच ठेवतो, त्यामुळं कापडाच्या चुण्या शाबूत राहतात.

इथं घाई करू नका. अख्ख्या फोटोतला हिरवा एकदम उतरवला तर गळ्यातला पिवळा झेंडू नारिंगी होतो, कारण पिवळ्यात हिरवा असतोच. आधी हार मास्कनं झाका.

तपासणी पांढऱ्यावर करू नका. ज्या भगव्यावर छापायचं, तोच रंग खाली भरा आणि 100 टक्के झूमवर कानामागची बट बघा. शेवाळ सगळ्यात शेवटी तिथंच सापडतं.