पत्राखाली ‘अ. ब. क.’ लिहू नका, स्वतःचं नाव लिहा

सातवीला औपचारिक पत्र शिकवताना यावेळी फळ्यावर नमुना लिहूनच दिला नाही. आमच्या शाळेच्या गेटसमोरचं झेब्रा क्रॉसिंग जवळजवळ पुसलं गेलंय, शाळा सुटते तेव्हा पोरं अक्षरशः गाड्यांच्या मधून पळतात, म्हणून मुलांना म्हटलं की वॉर्ड ऑफिसला खरंच पत्र द्यायचंय, तर लिहा.

पहिल्या दिवशीची पत्रं वाचली आणि काय चुकतं ते लगेच कळलं. एकीने विषय लिहिला होता, ‘रस्त्याबाबत’. एकाने तक्रारीची सुरुवात ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ अशी केलेली. आणि निम्म्या वर्गाने खाली नाव लिहिलं ‘अ. ब. क.’, कारण परीक्षेत तसंच लिहायची सवय आहे ना! तारीख तर कितीतरी जणांनी घातलीच नव्हती.

मग वह्या बदलून दिल्या आणि सांगितलं, आता तुम्ही ऑफिसातले क्लार्क आहात, समोर पत्रांचा गठ्ठा आहे. पत्र कोणत्या अधिकाऱ्याला आहे? नुसता विषय वाचून काम आणि जागा दोन्ही कळतं का? नक्की काय करून हवंय ते एका वाक्यात सापडतं का? उत्तर कोणाला, कुठे पाठवायचं? तारीख आणि सही आहे का? हीच आमची चेकलिस्ट, मुलांच्याच तोंडून आलेली. ‘रस्त्याबाबत’ वाचून शेजारचा मुलगा म्हणाला, “टीचर, कुठला रस्ता? खड्डा आहे का लाईट गेलीय?” त्या मुलीने तिथेच खोडून लिहिलं, ‘शाळेच्या मुख्य गेटसमोरील पुसट झालेले झेब्रा क्रॉसिंग पुन्हा रंगवण्याबाबत’. हे मी दहा वेळा सांगून झालं नसतं.

मजकुराचे तीन छोटे परिच्छेद केले, आम्ही कोण, अडचण काय, विनंती काय. ‘खूप ट्रॅफिक असतं’ यावर वर्गच अडला, कारण खूप म्हणजे किती? मग चौघांनी सुटायच्या वेळी गेटच्या आत उभं राहून दहा मिनिटांत 64 गाड्या मोजल्या आणि तो आकडा पत्रात गेला. (मुलांच्या घरचे पत्ते मात्र घालू दिले नाहीत, पत्ता शाळेचा आणि मुख्याध्यापिका बाईंची सही.)

पत्राच्या दोन प्रती नेल्या, एक तिथे दिली, दुसरीवर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घेऊन आलो. ती प्रत वर्गात फिरवली तेव्हा तारीख का लागते हे वेगळं सांगावं लागलं नाही.

तीन आठवडे झाले, पट्टे अजून रंगवलेले नाहीत. सोमवारी स्मरणपत्र लिहितोय, त्यात विषयाखाली एक नवी ओळ येणार, ‘संदर्भ’, आणि तिथे तोच आवक नंबर नि तारीख लिहायची हे वर्गातल्या मागच्या बाकावरून आलंय.