गोवा एक, कोड दोन

"विमानाचं तिकीट काढताना विमानतळाच्या त्या तीन अक्षरी कोडकडे बघत बसू नका. शहराच्या नावाचंच ते लघुरूप असतं. शहर बरोबर निवडलं की विमानतळ बरोबरच येतो, आणि चुकलाच तर टॅक्सी आहेच."

असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बेळगावचा कोड IXG आहे आणि छत्रपती संभाजीनगरचा IXU. यात नावाचं लघुरूप कुठे दिसतं? कोड आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना देते. जगात एक कोड एकाच ठिकाणाला मिळत असल्यामुळे हवी ती अक्षरं मोकळी असतीलच असं नाही. शिवाय शहराचं नाव बदललं तरी कोड सहसा तसाच राहतो. म्हणूनच मुंबई अजून BOM आहे.

'शहर बरोबर, म्हणजे विमानतळ बरोबर' हे तर गोव्यातच खोटं ठरतं. GOI म्हणजे वास्कोजवळची दाबोळी, आणि GOX म्हणजे उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा, जो जानेवारी 2023 पासून सुरू आहे. 'गोवा' शोधलं की बऱ्याच साइटवर दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात. आपण सर्वांत स्वस्त ओळ उचलतो आणि जाण्याची फ्लाइट दाबोळीला, परतीची मोप्याहून असं तिकीट हातात पडतं.

माझ्या मावशीचं असंच झालं. जाताना BOM–GOI, येताना GOX–BOM. मुक्काम कोलव्याला होता. सकाळी साडेआठच्या विमानासाठी ती साडेसहाला दाबोळीच्या दारात उभी होती. तिकीट बघणाऱ्या जवानाने GOX वर बोट ठेवलं, तेव्हा चूक कळली. देशांतर्गत विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, म्हणजे तिच्याकडे एकच तास उरला होता. दाबोळीहून मोप्याला पोचायला दीड तास तरी लागतो. टॅक्सी होती, पण विमान गेलं. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना मोपाच जवळ पडतो, त्यामुळे अमुकच विमानतळ घ्या असं मी म्हणत नाही. आपला कुठला, एवढं बुकिंगआधी ठरवावं.

परदेशी जाताना आणखी एक गोम आहे. लंडनचा LON किंवा न्यूयॉर्कचा NYC हे शहराचे कोड आहेत. ते शोधापुरते. NYC लिहिलं की JFK, LGA आणि EWR हे तिन्ही विमानतळ उघडतात. सामानाच्या टॅगवर मात्र विमानतळाचाच कोड छापला जातो. लंडनला LHR म्हणजे हीथ्रोवर उतरून पुढचं विमान LGW म्हणजे गॅटविकवरून असेल तर सीमातपासणी पार करून शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी सहसा व्हिसाही लागतो. निकालात 'एक थांबा' एवढंच ठळक दिसतं. ती ओळ उघडून पाहा: जिथे उतरता तो कोड आणि पुढे जिथून उडता तो कोड अक्षरशः एकच हवा.

मुंबईकरांनो, डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा NMI सुरू झाला आहे. तेव्हा परतीच्या ओळीत शेवटी BOM आहे की NMI, हे पैसे भरण्याआधी वाचा आणि घ्यायला येणाऱ्यालाही तोच कोड कळवा.