सोलापुरात कारखाने भरपूर, मग मजुरी का वाढत नाही?

"मजुरी मागणी-पुरवठ्यावर ठरते. विडी वळणाऱ्या बाईला कमी मिळतं, कारण तिच्या कामाची किंमतच तेवढी आहे. परवडत नसेल तर दुसऱ्या कारखान्यात जावं, सोलापुरात काय एकच कारखाना आहे का? आणि सरकारने दर वाढवला की असलेलं कामही जाणार."

हा मजकूर गेले काही दिवस गटागटांतून फिरतोय. शेवटून दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्याच खुंटीवर टांगलेलं आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात विडीच्या ब्रँच, म्हणजे पानं-तंबाखू देऊन वळलेल्या विड्या घेणारी कारखान्याची केंद्रं, पावलोपावली आहेत, हे खरं. पण बाईला ब्रँच बदलायची असेल तर काय काय सोडावं लागतं ते पाहा. पहिल्या ब्रँचमध्ये तिचं कामगार म्हणून नोंदीचं कार्ड असतं आणि त्या नोकरीवर भविष्य निर्वाह निधी चालू असतो. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात. चौथ्या वर्षी ब्रँच बदलली तर मोजणी नव्याने सुरू. नव्या ठिकाणी कार्ड लगेच मिळेलच असं नाही, तोवर बिनकार्डाचं काम. अंतराचाही प्रश्न आहेच. कुंभारीच्या 10 हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली बाई अशोक चौकातल्या ब्रँचचा दर हजारी पाच रुपयांनी जास्त आहे म्हणून रोज तिकडे जाणार नाही. जाण्यायेण्याचं भाडं आणि मोडलेला वेळ त्या पाच रुपयांहून महाग पडतो. घरात लहान मूल असेल तर विषयच संपला.

अर्थशास्त्रात याला मोनोप्सनी म्हणतात, म्हणजे श्रम विकत घेणाऱ्याच्या हातातली ताकद. जोन रॉबिन्सन यांनी 1933 साली ही कल्पना मांडली, तेव्हा डोळ्यांसमोर एकच मोठा मालक होता. पुढच्या अभ्यासकांनी, विशेषतः अ‍ॅलन मॅनिंग यांनी, दाखवून दिलं की मालक अनेक असले तरी नोकरी बदलणं महाग असेल तर प्रत्येक मालकाकडे ही ताकद थोडीथोडी असतेच. स्पर्धेचं पुस्तकी गृहीतक असं की दर एका रुपयाने कमी केला तर सगळे कामगार उद्या दुसरीकडे असतील. असं झालेलं सोलापुरात कुणी पाहिलंय?

आता "कामाची किंमतच तेवढी" या मुद्द्याकडे. इथे हिशेबच मांडायला हवा. आकडे समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या कारखान्याचे नाहीत. एका ब्रँचमध्ये 100 बाया आहेत, प्रत्येकी रोज हजार विड्या, दर हजारी 200 रुपये. पानं, तंबाखू, सूत, कर, वाहतूक असा सगळा खर्च वजा केल्यावर त्या हजार विड्यांतून मालकाकडे 250 रुपये उरतात. म्हणजे बाईच्या कामाची किंमत 250 आणि हातात 200. खरी स्पर्धा असती तर कुणीतरी 210 देऊन बाया ओढल्या असत्या, दुसऱ्याने 220 दिले असते, आणि दर 250 च्या आसपास जाऊन थांबला असता.

तसं का होत नाही? समजा, दर दोन रुपयांनी वाढवला की आणखी चार बाया येतात. त्या चौघींना 202 प्रमाणे 808 रुपये. पण जुन्या शंभरजणींनाही दोन-दोन रुपये जास्त द्यावे लागतात, ते 200. एकूण जादा खर्च 1008, जादा उत्पन्न मात्र 1000. आठ रुपयांचा तोटा. मालक दुष्ट असायची गरजच नाही, तो हिशेबाने 200 वर थांबतो.

हे ओळखायची एक खूण सोलापुरात रोज कानावर पडते: "कामाला माणसं मिळत नाहीत." विडीवाले म्हणतात, टॉवेलवाले म्हणतात, गारमेंटवाले म्हणतात. स्पर्धेच्या बाजारात या वाक्याला अर्थ नाही. माणूस मिळत नसेल तर दर वाढवा, मिळेल. दर न वाढवता वर्षानुवर्षं माणसांची वाट पाहणारा मालक वरच्या हिशेबातच सापडतो. 200 रुपयांत आणखी बाया आल्या तर त्याला हव्याच आहेत, पण त्यांच्यासाठी सगळ्यांचा दर वाढवणं नको आहे.

दुसरी खूण छाटीत दिसते. बाई पानं भिजवते, पत्र्याच्या मापाने कापते, सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, सूत बांधते, जुड्या करून ब्रँचमध्ये नेते. तिथे तपासणारा जुडी चिवडतो आणि काही विड्या बाजूला काढतो. ती छाट, तिचे पैसे नाहीत. समजा हजार भरायला 1050 वळाव्या लागल्या. पानं खराब निघाली, कमी पडली, म्हणून बाहेरून 15 रुपयांची घेतली. कागदावर दर 200 च, पण हातात 185, तेही 1050 विड्यांचे. हजारी दर पडला सुमारे 176. विडी कामगारांच्या 1966 च्या कायद्याखाली छाटीवर बंधनं घालावी लागली ती उगाच नाही. खुल्या स्पर्धेत कमी छाट काढणाऱ्या ब्रँचपुढे रांग लागली असती आणि बाकीच्यांना सुधारावं लागलं असतं.

राहिला काम जाण्याचा मुद्दा. वरच्याच ब्रँचला सरकारने 220 चा किमान दर लावला तर? आता नवी बाई घेताना जुन्यांचा दर वाढवायचा प्रश्न उरत नाही, तो आधीच वाढलाय. प्रत्येक नवी बाई 220 ला पडते आणि 250 मिळवून देते. त्याच हिशेबाने 220 ला 140 बाया येतील आणि मालक त्या सगळ्यांना घेईल. त्याचा नफा 5000 वरून 4200 वर येईल, काम मात्र वाढेल.

हे फक्त कागदावरचं नाही. 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 वर गेलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूड दुकानांची तुलना केली. रोजगार घटल्याचं दिसलं नाही. त्यावर वाद खूप झाले, अजूनही होतात. मला जास्त पटतो तो आपल्या शेजारचा दाखला. एकत्रित आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायोमेट्रिक कार्डाने द्यायला सुरुवात झाली, तेव्हा ती आधी कुठल्या मंडलात, म्हणजे तिथल्या तालुक्यासारख्या भागात, आणायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी 157 मंडलं तपासली. जिथे योजना नीट चालली तिथे खाजगी शेतमजुरीचेही दर वाढले, आणि खाजगी काम घटलं नाही. मजुराला "नको" म्हणायला दुसरी जागा मिळाली, एवढाच फरक.

म्हणून कितीही दर लावा, असं मात्र नाही. 250 च्या वर, समजा 260 लावला, तर प्रत्येक हजारामागे दहा रुपये तोटा आणि ब्रँच बंद. ती रेषा कुठे आहे हे मालकाच्या वहीशिवाय कळत नाही, आणि वाटाघाटीत ती वही टेबलावर येत नाही. शिवाय विडी दुसऱ्या राज्यातही वळता येते, इथेही बिनकार्डाच्या ठेकेदाराकडून वळून घेता येते. दर वाढला की काम तिकडे सरकण्याची भीती खरी आहे. तेव्हा दराच्या आकड्याबरोबर कार्ड कुणाकडे आहे, छाट किती निघते आणि हजारामागे पानं किती वजनाची दिली जातात, हेही तपासावं लागतं. नाहीतर 220 चा दर छाटीतून पुन्हा 200 वर आणायला एक हंगामसुद्धा लागणार नाही.